भिंत बुजवण्याआधीचा एक तास

बाथरूमचं काम निघालं की घरातल्या चर्चा टाइलच्या रंगावरून सुरू होतात आणि शॉवरच्या आकारावर संपतात. पुढची वीस-तीस वर्षं ज्या वस्तूवर सगळं अवलंबून असतं, ती मात्र टाइलच्या मागे जाते आणि पुन्हा कोणाला दिसत नाही. भिंतीतल्या पाण्याच्या पाइपांना प्लंबर ‘कन्सिल लाइन’ म्हणतात. झिऱ्या मारून झाल्या, पाइप बसले आणि गिलावा व्हायचा आहे, अशी दोन-चार दिवसांची मोकळी जागा या कामात असते. लाइन धड आहे की नाही, हे डोळ्यांनी आणि प्रेशर गेजने तपासता येतं ते याच दिवसांत. नंतर गळती लागली तर ती आधी खालच्या घराच्या छताला दिसते. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिची चर्चा होते आणि शेवटी टाइल फोडून तिचा माग काढावा लागतो.

या लेखात त्या दिवसांबद्दल आणि मुख्यतः प्रेशर टेस्टबद्दल लिहितो आहे. टेस्ट जवळजवळ प्रत्येक साइटवर होते, पण पुष्कळ ठिकाणी ती पंप लावला, काटा वर गेला, फोटो काढला एवढ्यावरच संपते. काटा वर जाणं ही टेस्टची सुरुवात असते. त्यानंतरच्या तासाभरात तो काय करतो, ते वाचता आलं पाहिजे.

एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू. समजा, पुण्यातली तीसेक वर्षांची पाच मजली सोसायटी. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायचं आहे. जुने जीआय पाइप आतून गंजून त्यांची तोंडं बारीक झाली आहेत. नव्या रचनेत बेसिन, कमोडची टाकी, हेल्थ फॉसेट, शॉवरचा डायव्हर्टर, बादलीचा नळ आणि गिझर एवढे पॉइंट हवे आहेत. गार आणि गरम मिळून साधारण वीस मीटर पाइप लागणार आहे.

पहिला प्रश्न पाइप कोणता घ्यायचा. आज आपल्याकडे घरगुती कामाला जीआय, यूपीव्हीसी, सीपीव्हीसी आणि पीपीआर हे चार पाइप प्रामुख्याने मिळतात. जीआयचं आयुष्य पाण्यावर आणि भिंतीतल्या ओलीवर ठरतं. ज्या भिंती पुन्हा उघडायच्या नाहीत, त्यांत तो घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. यूपीव्हीसी स्वस्त आणि चांगला, पण फक्त गार पाण्यासाठी. पीपीआर म्हणजे तो बहुधा हिरवा, जाड भिंतीचा पाइप. तो सुमारे 260 अंशांना तापवलेल्या मशिनवर वितळवून जोडतात. जोड उत्तम होतो, कारण पाइप आणि फिटिंग एकजीव होतात. पण हात सरावाचा लागतो. जास्त वेळ तापवलं तर वितळलेलं प्लॅस्टिक आत घुसून भोक अरुंद करतं, कमी तापवलं तर जोड वरवरचा राहतो. कोपऱ्यात, अर्धवट खोदलेल्या झिरीत ते मशीन धरणं अवघड जातं.

म्हणून या बाथरूमसाठी मी सीपीव्हीसी घेईन, आणि गार-गरम दोन्ही लाइनींना तोच घेईन. पाइपवर तीन गोष्टी छापलेल्या बघाव्यात : आयएस 15778 हा मानक क्रमांक, एसडीआर 11 हा वर्ग आणि मापाची खूण. एसडीआर म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास त्याच्या जाडीच्या किती पट आहे, तो आकडा. तो जितका लहान, तितका पाइप जाड. एसडीआर 11 चा पाइप साध्या तापमानाला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे 28 किलो दाब पेलतो. तोच पाइप 82 अंशांच्या पाण्यात जेमतेम 7 किलो पेलतो. एसडीआर 13.5 चा पाइप पातळ असतो आणि त्याचे दोन्ही आकडे आणखी खाली येतात. उष्णतेने प्लॅस्टिकची ताकद एवढी उतरते, हे समजलं की गरम लाइनीत जाडीची बचत का करू नये, ते वेगळं सांगावं लागत नाही. गार लाइनीलाही सीपीव्हीसीच का, तर मिक्सरमधून गरम पाणी गार लाइनीत मागे सरकू शकतं. उद्या कोणी गिझरची जागा बदलली, तर आजची गार लाइन गरम होऊ शकते. वीस मीटरला पडणारा किमतीतला फरक टाइलच्या एका पेटीच्याही आत-बाहेर असतो.

गिझरच्या तोंडाला मात्र प्लॅस्टिक थेट जोडू नये. तिथे पितळी निपल आणि धातूची किंवा वेणीची जोडनळी घालावी. गच्चीवर सोलर असेल तर उन्हाळ्यात वापर नसलेल्या दिवशी पाणी उकळीच्या जवळ जाऊ शकतं, म्हणून टाकीतून निघणारा पहिला टप्पा धातूचाच ठेवावा.

आता पाइप भिंतीत कुठून न्यायचा ते बघू. प्लंबरचा सहज कल सर्वांत जवळचा रस्ता धरण्याकडे असतो. बेसिनच्या उंचीवर आडवी झिरी मारायची आणि तिच्यातून सगळे पॉइंट काढायचे. यात अडचण भिंतीची आहे. बांधकामाचा जुना नियम असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नसावी आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. बाथरूमच्या आतल्या भिंती बहुधा साडेचार इंची, म्हणजे 115 मिलिमीटरच्या असतात. उभ्या झिरीला तिथे 38 मिलिमीटर मिळतात, आडवीला फक्त 19. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यासच 22 मिलिमीटर आहे, आणि त्याच्यावर निदान बारा-पंधरा मिलिमीटर मसाला हवा. उभी झिरी नियमात बसते, आडवी बसत नाही. अर्ध्या विटेच्या भिंतीत लांब आडवी झिरी मारली की भिंत तिथे कमकुवत होते आणि पुढे त्याच रेषेत टाइलला तडा जातो. कॉलम आणि बीमला तर हात लावूच नये.

म्हणून आमच्या नमुन्यातल्या बाथरूमला मुख्य लाइन वरून, फॉल्स सीलिंगच्या वर, क्लॅम्पवर फिरवायची आणि प्रत्येक पॉइंटला सरळ उभी उतरवायची. पाइप थोडा जास्त लागतो, पण फायदे मोठे आहेत. बहुतेक टी आणि एल्बो सीलिंगच्या वर राहतात, तिथे गळती दिसते आणि दुरुस्तही करता येते. भिंतीत उरतो तो उभा अखंड पाइप आणि टोकाचा एक पितळी एल्बो. शिवाय उद्या आरसा किंवा टॉवेलचा दांडा बसवायला ड्रिल मारणाऱ्याला पाइप कुठे असेल ते कळतं : नळाच्या बरोबर वर. तिरका पाइप ही कन्सिल कामातली अक्षम्य चूक आहे, कारण तिचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही.

जमिनीतून पाइप नेणं शक्यतो टाळावं. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये, कोब्याखाली पुरलेली पाण्याची लाइन गळली, तर ते पाणी आधी सगळा भराव भिजवतं आणि मग गळतीच्या जागेपासून लांब, भलत्याच ठिकाणी खाली उतरतं. वॉटरप्रूफिंगवाला आणि प्लंबर एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

नळांची ठेवण रिवाजाप्रमाणे : समोर उभं राहिल्यावर गरम डावीकडे, गार उजवीकडे. वॉल मिक्सर असेल तर दोन तोंडांच्या मध्यात 150 मिलिमीटर अंतर आणि दोन्ही एका लेव्हलला. हे अंतर पाइप मोकळे असताना एखादी पट्टी किंवा मिक्सरच लावून तपासावं. गिलाव्यानंतर तोंड वाकवायला गेलं की ताण थेट जोडावर येतो. डायव्हर्टर किती खोल बसवायचा, हे टाइलची आणि मसाल्याची जाडी धरून ठरवावं लागतं. त्याच्यावर कंपनीने दिलेलं प्लॅस्टिकचं टोपण असतं, त्यावर तयार भिंत कुठपर्यंत यावी त्याची खूण असते. ते टोपण काम संपेपर्यंत काढू नये.

सीपीव्हीसीचा जोड सोल्युशनने होतो. ते गोंदासारखं चिकटवत नाही. पाइपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवून ते दोन्ही एकमेकांत मुरवतं. म्हणून ते सीपीव्हीसीचंच हवं. पीव्हीसीचं सोल्युशन वापरलं तर जोड गार पाण्यात टिकल्यासारखा वाटतो आणि गरम पाण्यात सुटतो. पाइप काटकोनात कापायचा, कापलेल्या कडेची कीस काढायची, दोन्ही पृष्ठभाग कोरडे करायचे, पाइपला सोल्युशन भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ लावायचं, पाव फेरा देत तळापर्यंत सारायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. हे धरून ठेवणंच बहुतेक वेळा राहून जातं, आणि मग पाइप आपोआप दोन-तीन मिलिमीटर मागे सरकतो. आट्यांच्या जोडाला टेफ्लॉन टेप. जुन्या सवयीने काही जण सफेदा आणि सुतळी लावतात. जीआयला ते चालत होतं, सीपीव्हीसीला चालत नाही. तेलकट पदार्थ, रंगाचं थिनर, काही कीटकनाशकांचे फवारे सीपीव्हीसीला आतून चिरा पाडतात. ही चीर टेस्टच्या दिवशी नसते, काही महिन्यांनी येते.

या सगळ्यांत प्रेशर टेस्ट प्रामुख्याने एक गोष्ट शोधते : सोल्युशन न लावता नुसताच खोचलेला जोड. प्लंबर आधी सगळं कोरडं जुळवून बघतो, मग एकेक काढून सोल्युशन लावतो. त्यात एखादा जोड राहून जातो. सीपीव्हीसीचं फिटिंग मुळातच घट्ट असतं. तिसऱ्या मजल्यावर, गच्चीतल्या टाकीपासून दहा-बारा मीटर खाली, दाब असतो सुमारे एक किलो, कारण पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक किलो हा हिशोब आहे. एवढ्या दाबाला तो कोरडा जोड कित्येक दिवस थेंबही सोडत नाही. नळ सुरू करून बघितलं आणि कुठे गळालं नाही, या तपासणीला म्हणूनच काही अर्थ नाही.

टेस्ट दहा किलोला का करतात, त्याचं आणखी एक कारण आहे. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व किंवा एका दांडीचा मिक्सर क्षणात बंद होतो, तेव्हा धावतं पाणी पाइपात आदळतं आणि क्षणभर नेहमीच्या दाबात चार-सहा किलोंची भर पडू शकते. कोणी प्रेशर पंप बसवला तर मूळचा दाबही एकावरून तीन किलोंवर जातो. दहा किलो हा आकडा या सगळ्यांच्या वर आणि पाइपच्या 28 किलोंच्या पुष्कळ खाली आहे. मात्र तो नव्या लाइनीसाठी आहे. इमारतीच्या जुन्या पाइपाला जोडलेल्या अवस्थेत दहा किलो देऊ नये, आणि गिझर जोडून तर कधीच देऊ नये. घरगुती गिझरच्या टाक्या एवढ्या दाबासाठी केलेल्या नसतात.

आता टेस्ट. शेवटच्या जोडाला निदान चोवीस तास झालेले असावेत. सर्व तोंडांना डमी प्लग लावायचे. इमारतीच्या लाइनीशी असलेली जोडणी व्हॉल्व बंद करून तोडायची नाही, ती सोडवून तिथेही प्लग लावायचा. जुना व्हॉल्व आतून थोडा पास होत असेल तर दाब तिकडून निसटतो आणि नसलेली गळती शोधण्यात दिवस जातो. गिझरच्या दोन पॉइंटांना एका तुकड्याने एकमेकांना जोडलं की गरम आणि गार दोन्ही लाइनी एकाच वेळी तपासता येतात.

इथे एक चूक फार सर्रास होते. लाइनीतला कन्सिल स्टॉप कॉक बंद राहतो. मग त्याच्या पुढचा सगळा पाइप टेस्टमध्ये येतच नाही, काटा मात्र खिळल्यासारखा उभा राहतो. डायव्हर्टरचंही तसंच. त्याच्यातून शॉवरला वर जाणारा पाइप आणि खाली नळाला येणारा पाइप यांना दाब मिळायला डायव्हर्टर उघडा हवा आणि त्या दोन्ही तोंडांना प्लग हवेत. टेस्टच्या दिवशी घरमालकाने प्लंबरला एवढंच विचारावं, “शॉवरच्या पाइपात आत्ता पाणी आहे का?” प्लग थोडा सैल करून पाणी दाखवायला सांगावं. उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

हात मारायच्या पंपाने पाणी भरताना सर्वांत उंच तोंड उघडं ठेवायचं आणि तिथून अखंड पाण्याची धार, बुडबुड्यांशिवाय, येईपर्यंत भरायचं. हवा काढण्याचा हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण टेस्टचा प्राण तोच आहे. का, ते हिशोबाने बघू.

पाऊण इंची पाइपात मीटरमागे सुमारे पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे आमच्या वीस मीटरमध्ये पाच लिटर. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. पूर्ण भरलेल्या लाइनीत शून्यावरून दहा किलोंपर्यंत जायला आणखी किती पाणी घालावं लागतं? पाण्याचं किंचित आकुंचन आणि पाइपचं किंचित फुगणं मिळून पंधरा ते वीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. दाबाच्या एका किलोमागे दीड-दोन मिलिलिटर. उलट बाजूने बघितलं तर एवढंसं पाणी बाहेर गेलं की काटा एक किलो उतरतो. मिनिटाला एक थेंब अशी गळती तासाला तीन मिलिलिटर होते. भिंतीतली अशी गळती डोळ्यांना जाणवणारही नाही, पण काटा तासाभरात दीड-दोन किलो खाली येईल. गेजसमोर बसून मोजलेला एक तास एवढं बारीक भोक पकडतो.

आता याच लाइनीत एक लिटर हवा अडकली आहे असं धरू. दहा किलोंना ती नव्वद मिलिलिटरमध्ये दबते आणि स्प्रिंगसारखी ताणून बसते. तीच तीन मिलिलिटरची गळती झाली की हवा थोडी पसरते आणि दाब जवळजवळ तसाच धरून ठेवते. काटा उतरतो फक्त पाव-अर्धा किलो, म्हणजे काट्याच्या स्वतःच्या जाडीएवढा. टेस्ट पास झाल्यासारखी दिसते आणि गळती भिंतीत जाते. हवा उरली आहे की नाही, ते पंपाच्या हातालाच कळतं. हवा नसेल तर मोजक्या हापशांत काटा झपाट्याने चढतो. प्रत्येक हापशाला तो आळसावून किंचितच हलत असेल, तर पुन्हा वरचं तोंड उघडून हवा काढावी.

काही जण पाण्याऐवजी कॉम्प्रेसरने हवाच भरून टेस्ट करतात. हे धोक्याचं आहे. दाबलेल्या हवेत साठलेली शक्ती पाण्याच्या कैकपट असते. प्लॅस्टिकचं फिटिंग फुटलं तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. सीपीव्हीसी आणि पीव्हीसीची टेस्ट पाण्यानेच करावी.

गेज शून्य ते सोळा किलोंच्या आसपासचा घ्यावा. सत्तर किलोंपर्यंतच्या गेजवर अर्ध्या किलोचा फरक दिसतच नाही. गेज पंपावरचा न वाचता लाइनीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा लावावा आणि पंप व लाइन यांच्यामध्ये बॉल व्हॉल्व घालून तो बंद करावा. पंपाचा स्वतःचा व्हॉल्व पास होत असेल तर तो दोष मग लाइनीच्या माथी येत नाही.

नमुन्यातल्या बाथरूममध्ये सकाळी अकराला काटा दहावर आणला, असं समजू. सव्वाअकराला तो साडेनऊवर दिसतो. घाबरायचं कारण नाही. नवा प्लॅस्टिकचा पाइप दाबाखाली सुरुवातीला थोडा ताणला जातो, तेवढी घट अपेक्षितच आहे. पुन्हा दहावर आणायचं, व्हॉल्व बंद करायचा, काचेवर पेनाने खूण करायची आणि खरा तास इथून मोजायचा. साडेबाराला काटा आठवर असेल तर गळती आहे.

ती शोधताना आधी लाइनीचे तुकडे करावेत. गिझरच्या दोन पॉइंटांमधला तुकडा काढून, दोन्हीकडे प्लग लावून गरम आणि गार वेगवेगळी तपासली. गरम लाइन दहावर स्थिर, गार उतरते आहे. म्हणजे अर्धं घर शोधातून सुटलं. आता गार लाइनीचा प्रत्येक जोड फडक्याने कोरडा करून त्याला टिश्यू पेपर गुंडाळायचा. पहिला भिजतो तो हेल्थ फॉसेटच्या पॉइंटचा कागद, आणि ओल दिसते ती डमी प्लगच्या आट्यांत. हे नेहमीचं आहे. टेस्टमधली पुष्कळशी घट प्लगांतूनच होते. नवा टेफ्लॉन लावून प्लग बसवला, पुन्हा दहा किलो, पुन्हा तास. या वेळी काटा सव्वानऊवर थांबतो.

इथे मोह होतो. पाऊण किलोच तर उतरलाय, उन्हामुळे असेल, चालतंय. तापमानाचा परिणाम खराच असतो. तीस अंशांच्या आसपास पाणी एका अंशाने थंड झालं तर अशा बंद लाइनीत दाब पाव किलोच्या वर उतरतो. संध्याकाळी भरून रात्रभर ठेवलेल्या लाइनीत सकाळी काटा किलोभर खाली असला, तर त्यात गळती असेलच असं नाही. पण मग ते उलटही दिसलं पाहिजे. दुपारी उकाडा वाढताना काटा वर सरकायला हवा. भर दुपारी, तापमान चढत असताना काटा उतरत असेल, तर तो निश्चितपणे पाण्याचाच हिशोब आहे. म्हणून टेस्ट सकाळी सुरू करून दुपारी वाचावी, आणि शंका आली तर आणखी एक तास द्यावा. गळती असेल तर घट चालू राहते. पाइपच्या ताणाची किंवा तापमानाची घट कुठेतरी थांबते.

आणखी तासाने काटा साडेआठवर. आता बेसिनकडे उतरणाऱ्या टीचा कागद खालच्या अंगाने ओला. कोपऱ्यातली जागा, प्लंबरचा हात नीट पोचला नसणार, पाइप तळापर्यंत गेला नसणार. अशा जोडावर बाहेरून सोल्युशन फासणं किंवा इपॉक्सी पुट्टी लावणं हा उपाय नाही. ती टी दोन्ही बाजूंचे वीतभर तुकडे धरून कापून काढावी, नवी टी आणि कपलर घालावेत, आणि चोवीस तास थांबून टेस्ट पुन्हा पहिल्यापासून करावी. एक दिवस जातो. गवंडी आणि टाइलवाला खोळंबतात, ठेकेदार कुरकुरतो. इथेच घरमालकाने ठाम राहायला हवं. कामाच्या ठरावातच लिहून घ्यावं की दहा किलोंना लागोपाठ दोन तास काटा स्थिर राहिल्याशिवाय गिलावा होणार नाही आणि प्लंबिंगचा पुढचा हप्ता त्यानंतरच मिळेल.

टेस्टला मर्यादाही आहेत. ती गार पाण्याने होते, म्हणून गरम पाण्यात सैल पडणारा जोड तिला कळत नाही. तिथे योग्य सोल्युशन आणि पाइपवरचा छापा स्वतः बघणं हाच उपाय. तेलकट पदार्थाने पुढे पडणारी चीर तिला दिसत नाही. आणि टेस्टनंतर पाइपाला काय होईल, त्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

हा शेवटचा मुद्दा मात्र हाताळता येतो. टेस्ट झाली की बहुतेक प्लंबर पाणी सोडून पंप घेऊन जातात. त्याऐवजी दाब तीन-चार किलोंवर आणून गेज तसाच जागेवर ठेवावा आणि गिलावा, टाइल होईपर्यंत लाइन दाबाखाली राहू द्यावी. गवंड्याची छिन्नी किंवा टाइलवाल्याचं कटर पाइपाला लागलं तर काटा त्याच क्षणी शून्यावर येतो, पाणी दिसतं, आणि नेमकी जागा कळते. रिकाम्या लाइनीला लागलेला घाव महिनाभराने, नळ बसल्यावर कळतो.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत, आणि फोटोत जमिनीपासून व कोपऱ्यापासून उघडलेली मापपट्टी दिसावी. त्या फोटोंना घराच्या कागदपत्रांत जागा द्यावी. झिरी एक भाग सिमेंट, चार भाग वाळू अशा मसाल्याने पूर्ण भरावी. वरून गिलाव्याचा हात फिरवून आत पोकळी ठेवू नये, आणि झिरीच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच येईल अशी कोंबडी जाळी मारावी. गरम लाइन तापली की लांबते, तीन मीटरच्या पाइपला चाळीस अंशांच्या फरकाने सात-आठ मिलिमीटर. म्हणून तिच्यावर पातळ फोमची नळी चढवली तर मसाल्याला तडे जात नाहीत.

टाइल झाल्यावर, नळ बसवण्याआधी, गेजकडे शेवटचं बघावं. काटा उतरलेला असेल तर घाईने डायव्हर्टर आणि शॉवर बसवू नयेत. आधी प्लग तपासावेत, मग गरम-गार वेगळी करून कोणत्या लाइनीत घट आहे ते ठरवावं, आणि फोटो समोर ठेवून शोध घ्यावा. त्या टप्प्यावर एखाद-दुसरी टाइल काढावी लागते, आणि त्याच टाइलच्या उरलेल्या पेट्या अजून घरातच असतात.